फॉरवर्ड होत आलेला फॉरवर्ड-रिव्हर्स

"फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरमधला इंटरलॉक म्हणजे पॅनेलवाल्यांची बिलं वाढवायची सोय. दोन बटणं एकदम कोण दाबतो? दाबली तरी एमसीबी आहे. पीएलसी असेल तर प्रोग्रॅममध्येच लॉक टाका, बाहेरची वायरिंग वाचवा. आणि इंटरलॉक असला तरी चालती मोटर उलटी फिरतेच, मग उपयोग काय?"

हा मेसेज मला माझ्या भाच्याने पाठवला. आयटीआय झालंय, एका वर्कशॉपमध्ये लेथची इलेक्ट्रिकल कामं बघतो. खाली लिहिलं होतं, "मामा, बरोबर वाटतंय ना?" म्हणून एवढं लिहायला बसलो, नाहीतर असे मेसेज मी वाचतही नाही.

इंटरलॉक म्हणजे फॉरवर्ड आणि रिव्हर्स कॉन्टॅक्टर, मोटरला सप्लाय देणारे दोन स्विच, एकदम आत येऊ न देणारी सोय. आधी बटणांचं. दोन बटणं कुणी दाबत नाही, मान्य. पण शॉर्ट व्हायला दोन बटणं लागतच नाहीत. फॉरवर्ड कॉन्टॅक्टर आर फेज मोटरच्या यू टर्मिनलला देतो. रिव्हर्स कॉन्टॅक्टर दोन फेजची अदलाबदल करून त्याच यू टर्मिनलला बी फेज देतो. दोघं एका वेळी आत असले की आर आणि बी सरळ एकमेकांना भिडतात, मध्ये मोटरचं वाइंडिंगही नाही. आता फॉरवर्डचा एक पोल वेल्ड झालाय असं धरा. लेथवर दिवसभर चालू-बंद, चालू-बंद, त्यात कॉन्टॅक्टर स्वस्तातला, त्यामुळे हे काही आक्रीत नाही. ऑपरेटर स्टॉप दाबतो, कॉइलचा सप्लाय जातो, पण आर्मेचर अडकलेलं. मोटर फिरतच राहते. घाबरलेला माणूस काय करतो? हाताला येईल ते बटण दाबतो आणि ते रिव्हर्सचं निघतं. दाबलं एकच बटण, आत मात्र दोन्ही कॉन्टॅक्टर.

इथे ती 'वाचवायची' वायर कामाला येते. फॉरवर्डचा एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे कॉन्टॅक्टर आत आला की उघडणारा २१-२२, रिव्हर्सच्या कॉइलच्या लाइनमध्ये असतो, आणि रिव्हर्सचा फॉरवर्डच्या. फॉरवर्ड आत अडकलाय तोवर २१-२२ उघडा, म्हणून रिव्हर्सच्या कॉइलला सप्लायच नाही. पण हा २१-२२ खात्रीचा हवा. आयईसी ६०९४७-४-१ या मानकाच्या परिशिष्टात 'मिरर कॉन्टॅक्ट' सांगितलाय: मुख्य पोलपैकी एक जरी बंद अवस्थेत चिकटला असेल, तरी हा एनसी मिटता कामा नये. कॉन्टॅक्टर घेताना कॅटलॉगमध्ये हा शब्द शोधा. वरून लावलेला कुठलाही ऑक्झिलरी ब्लॉक आपोआप मिरर होतो असं धरून चालू नका.

हा झाला इलेक्ट्रिकल इंटरलॉक. मग मेकॅनिकल कशाला? कारण स्क्रूड्रायव्हर. पॅनेलचं दार उघडून कॉन्टॅक्टरचं डोकं स्क्रूड्रायव्हरने आत ढकलून "चालतंय का बघू" म्हणणारे किती आहेत हे आपल्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिथे एनसीचा काही उपयोग नाही, कारण कॉइल मध्ये येतच नाही. दोन कॉन्टॅक्टरच्या मधली ती प्लास्टिकची पट्टीच दुसऱ्याला आत येऊ देत नाही. उलट नुसत्या मेकॅनिकलवर भागवलं तर दुसऱ्या कॉइलला सप्लाय मिळतो, पण आर्मेचर आत जाऊ शकत नाही. एसी कॉइल अशी उघड्या गॅपवर राहिली की धरून ठेवण्याच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, घरघरते आणि थोड्या वेळात वार्निश जळल्याचा वास येतो. म्हणून दोन्ही हवेत.

एमसीबीचं दोन वाक्यांत. ती ट्रिप होईल, पण तेवढ्या वेळात हजारो अँपिअर ९ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरमधून जाऊन आलेले असतात, आणि दार उघडं असेल तर समोरच्याच्या तोंडावर भडका येतो. एमसीबी वायर वाचवते, कॉन्टॅक्टर वाचवायची हमी तिने कधी दिली?

पीएलसीवाल्यांना एवढंच सांगतो की आउटपुट बंद झालं म्हणजे कॉन्टॅक्टर सुटला असं होत नाही. स्कॅन दहा मिलिसेकंदांचा असला तर कॉन्टॅक्टर सुटायला त्याहून जास्त लागू शकतात, आणि डीसी कॉइलवर डायोड टाकला असेल तर ते कितीतरी पट लांबतं. वेल्ड झालेला पोल तर प्रोग्रॅमला दिसतच नाही. प्रोग्रॅममध्ये लॉक जरूर टाका, पण बाहेरची वायर काढू नका.

आता शेवटचा मुद्दा. हा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. वरचे दोन्ही इंटरलॉक फक्त शॉर्ट थांबवतात. चालती मोटर उलटवणं ते थांबवत नाहीत. बटणांनाही आडवा एनसी दिलेला असेल, तर स्टॉप न दाबता थेट रिव्हर्स दाबता येतं: फॉरवर्ड सुटतो, काही मिलिसेकंदांत रिव्हर्स आत, आणि रोटर अजून १,४४० आरपीएमवर पुढेच फिरतोय. ५ एचपीची मोटर चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, डीओएल, म्हणजे थेट लाइनवर, सुरू होताना पंचेचाळीसच्या आसपास, आणि उलटवताना त्याहूनही थोडी जास्त. थांबलेली मोटर पूर्ण वेगाला नेताना रोटरमध्ये जितकी उष्णता होते, त्याच्या साधारण चौपट अशा एका उलटवण्यात होते. एसी-३ रेटिंगचा कॉन्टॅक्टर यासाठी नसतो, एसी-४ बघावं लागतं.

लेथवर तर त्याहून वाईट. जुन्या लेथला चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असतो. स्पिंडल झटक्यात उलटा फिरला की जड चक जडत्वाने पुढेच जातो आणि आटे सुटू लागतात. भाच्याच्या वर्कशॉपमध्ये असाच चक सुटून बेडवर आदळला होता. माणूस टेलस्टॉककडे उभा होता म्हणून वाचला. तो प्रसंग त्यानेच मला सांगितला होता, आणि आता हाच मेसेज पाठवतोय!

म्हणजे इंटरलॉक काढायचा नाही, वाढवायचा. फॉरवर्ड आत आल्यावर मिटणाऱ्या त्याच्या एनओ कॉन्टॅक्टने एक ऑफ-डिले टायमर चालवायचा आणि त्याचा कॉन्टॅक्ट रिव्हर्सच्या लाइनमध्ये टाकायचा, असा की फॉरवर्ड आत आल्या आल्या उघडेल आणि सुटल्यावर ठरावीक सेकंदांनीच मिटेल. रिव्हर्सकडून फॉरवर्डला तसंच. वेळ अंदाजाने लावू नका. सगळ्यात जड चक लावा, पूर्ण वेगावर स्टॉप दाबा, घड्याळ बघा. सहा सेकंद लागले तर आठ लावा. टायमरला खरा वेग कळत नाही ही त्याची मर्यादा, ती नको असेल तर झीरो-स्पीड स्विच. आटे पाडणारे ऑपरेटर कुरकुर करतील की दर पासला थांबावं लागतं. करू द्या.

भाच्याला सांगितलंय: मोटरची पॉवर बंद ठेव, फक्त कंट्रोल सप्लाय चालू कर आणि दोन्ही बटणं एकदम धरून ठेव. एकच कॉन्टॅक्टर आत आला तर ठीक. एकही नाही आला तर बटणांच्या आडव्या एनसीने अडवलंय, इंटरलॉकचं त्यावरून काही कळत नाही. एक आत आला आणि दुसरा नुसताच घरघरत बसला, तर कुणीतरी ती एनसीची वायर आधीच 'वाचवली' आहे. मग मला फोन कर.