सहाशे चौदा वर्षं आणि चौदा पिक्सेल

आमच्या गल्लीच्या गणपतीला यंदा पडदा लावायचा ठरला. 'पडद्यावर नव्वद सेकंदांत बेळगावचा इतिहास' ही कल्पना अध्यक्षांची. ती अंमलात आणायची मी, कारण शहापुरात माझं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. ज्याच्याकडे कॉम्प्युटर त्याच्याकडे इतिहास, असा आमच्या मंडळाचा हिशेब.

मजकूर द्यायला रिटायर्ड मास्तर होते. मास्तरांनी तीन दिवसांत चार पानं भरून आणली. एक्केचाळीस सनावळ्या होत्या. मी म्हणालो, "मास्तर, नव्वद सेकंद आहेत. एकाला दोन सेकंद येतात."

"मग दोन सेकंदांत काय वाचता येत नाही काय? चौथीतली पोरं वाचायची की माझ्याकडे!"

चौथीतली पोरं वाचायची, कारण मास्तरांच्या हातात छडी असायची. रस्त्यावर उभ्या असलेल्या, एका हातात प्रसाद आणि दुसऱ्या हातात पोर धरलेल्या माणसाला छडी दाखवता येत नाही. अर्धा दिवस घासाघीस होऊन एक्केचाळिसांतून आठ शिल्लक राहिल्या. १२०४ मध्ये कमल बस्ती. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात. १८२४ ची कित्तूरची लढाई. १८३१ मध्ये नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला फाशी. १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, १९४६ चं साहित्य संमेलन आणि शेवटी १९५६ ची राज्य पुनर्रचना. बाकीच्या तेहतीस सनांसाठी मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एरवी ते रोज चहाला येतात, त्यामुळे त्या दोन दिवसांत साखर वाचली.

आता काम सोपं, असं मला वाटलं. एक आडवी रेघ ओढायची, तिच्यावर आठ ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपक्यावर एक चौकट. रेघ शाळेतल्यासारखी मापात हवी, म्हणजे दहा वर्षांना सगळीकडे सारखंच अंतर. फ्रेम १९२० पिक्सेल रुंद. दोन्ही कडांना ९६ सोडले की १७२८ उरतात. १२०४ ते १९५६ ही ७५२ वर्षं त्यात बसवायची म्हणजे एका वर्षाच्या वाट्याला साधारण २.३ पिक्सेल.

मग ठिपके मांडले. १२०४ डाव्या टोकाला एकटा, आणि तिथून १८१८ पर्यंत चौदाशे पिक्सेलचं माळरान. ना झाड, ना टपरी. पुढे मात्र १८१८ आणि १८२४ मध्ये चौदा पिक्सेल, १८२४ आणि १८३१ मध्ये सोळा. माझी चौकट सहाशे पिक्सेलची. थोडक्यात, सहाशे चौदा वर्षांना अख्खा मैदानी पट्टा आणि कित्तूरच्या राणीला एसटीतली तिसऱ्या माणसाची सीट. चौकटी एकमेकींवर चढल्या. 'किल्ला', 'चन्नम्मा' आणि 'फाशी' हे शब्द एकात एक मिसळून पडद्यावर जे काही तयार झालं, ते पाहून अध्यक्ष म्हणाले, "हे कानडीत आहे काय?"

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. एक चौकट रेघेच्या वर, एक खाली, एक आणखी वर, आणि प्रत्येकीपासून ठिपक्यापर्यंत बारीक दोरी. पडदा वीजमंडळाच्या खांबासारखा दिसू लागला. दुसरा उपाय म्हणजे सगळे ठिपके सारख्या अंतरावर ठेवले. दिसायला छान, पण मग सहा वर्षं आणि पंच्याऐंशी वर्षं एकाच मापाची होतात. मास्तरांनी ते तत्काळ पकडलं. "रायण्णापासून टिळकांपर्यंत दोन पिढ्या गेल्या रे, आणि तू एका उडीत आणलास!"

उत्तर सापडलं ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या रेडिओत. कपाटावर पडलेला असतो, वाजत नाही, पण टाकूही देत नाहीत. त्यात काटा पट्टीवरून सरकतो. मी उलटं केलं. काटा फ्रेमच्या मध्यावर खिळून ठेवला, लाल रंगात, आणि पट्टी खालून सरकवली. चौकटही काट्याच्या वर एकाच जागी, तिनं हलायचंच नाही. पट्टी थांबली की चौकटीतला मजकूर बदलतो. आता एकावेळी एकच चौकट, त्यामुळे धक्काबुक्कीच बंद. पट्टीवर एका वर्षाला ३० पिक्सेल दिले. मागे गेलेल्या ठिपक्याखाली फक्त सन ठेवला, मजकूर नाही. १८१८ आणि १८२४ मध्ये आता १८० पिक्सेल पडले, आणि बारीक अक्षरांतल्या चार आकड्यांना शंभर-सव्वाशे पुरतात. शेजारी शेजारी बसले, पण कुणाचा कोपर कुणाला लागला नाही.

१२०४ चं माळरान मात्र ३० पिक्सेलांनी मोजलं तर अठरा हजारांच्या वर जातं. तिथे रेघ चक्क तोडली. दोन तिरक्या खुणा, मध्ये ठिपके-ठिपके आणि '६१४ वर्षे' असं स्पष्ट लिहिलं. तोडलेली रेघ तोडलेली दिसली पाहिजे, नाहीतर ती खोटी साक्ष होते.

त्या तुटीवर मी हौसेनं सनाचा मीटर फिरवला होता, रिक्षासारखा. १२०४ वरून भराभर आकडे पळत १८१८ वर येतात. पहिली गंमत अशी की आकडे थरथरत होते. आमच्या फाँटात '१' बारीक आणि '८' जाडा, त्यामुळे आकडा बदलला की सगळी ओळ डावी-उजवीकडे नाचते. प्रत्येक आकड्याला सारख्या रुंदीची स्वतंत्र खोली दिल्यावर नाच थांबला. दुसरी गंमत मास्तरांनी केली. ते माझ्या खांद्यावरून बघत होते, आणि त्यांनी नेमका स्पेसबार दाबला. मीटर १७६१ वर थांबला.

"पानिपत!" मास्तर ओरडले. "पानिपतावरनं असा पळवत न्यालास?"

मी सांगितलं की सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात, हा आकडा एका फ्रेमपुरता आहे, कुणाला दिसणारसुद्धा नाही. "मला दिसला की," मास्तर म्हणाले. खरं तर ते बरोबर होते. वाचता न येणारा आकडा दाखवायचा कशाला? मीटर काढून टाकला.

१८३१ ते १९१६ हा पट्टीचा सर्वांत लांब प्रवास, २५५० पिक्सेलचा. जवळच्या उडीला मी वीस फ्रेम देत होतो, याला पंचेचाळीस दिल्या, म्हणजे काळ जास्त गेल्याचं अंगाला कळतं. प्ले केलं आणि पट्टी जागच्या जागी उभी! मध्येच मागे जाते, परत उभी राहते. तासभर मी फाइल खराब झाली म्हणून कपाळ बडवत होतो. शेवटी हिशेब केला. पट्टी सरासरी एका फ्रेमला सत्तावन्न पिक्सेल सरकते. माझ्या वर्षाच्या खुणा तीस-तीस पिक्सेलांवर. म्हणजे एका फ्रेममध्ये प्रत्येक खूण जवळपास दोन घरं पुढे जाते आणि दुसरीच्या जागी जाऊन बसते. डोळ्याला वाटतं, हललीच नाही. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तेच हे. वर्षाच्या खुणा सगळ्या पुसल्या, दर दहा वर्षांची एक ठेवली, म्हणजे अंतर ३०० पिक्सेल झालं. पट्टी धावायला लागली.

अक्षरांची कथा वेगळीच. मला टाइपरायटरचा इफेक्ट हवा होता, एकेक अक्षर उमटत जाणारा. सॉफ्टवेअरला 'अक्षर' म्हणजे काय ते इंग्रजीतलं ठाऊक. त्यानं 'चन्नम्मा' मध्ये आधी 'च' टाकला, मग 'न', मग त्याला हलंत, आणि राणी पडद्यावर पाय मोडलेल्या अवस्थेत लंगडत आली. 'रायण्णा'चंही तेच. इफेक्टच्या सेटिंगमध्ये `Based On` असं एक खातं असतं, तिथे `Characters` ऐवजी `Words` केलं. आता अख्खा शब्द एकदम येतो, जोडाक्षर शाबूत. शब्द खालून वर येताना ज्या खिडकीतून डोकावतो ती खिडकीही मी इंग्रजी अक्षराच्या उंचीची ठेवली होती. त्यामुळे 'पुनर्रचना'चा रफार वरून आणि उकार खालून छाटला गेला. खिडकी दोन्हीकडे मोठी केली.

मजकूर किती वेळ ठेवायचा, हा वाद आईनं मिटवला. माझं मत तीन सेकंद. मजकूर मीच टाइप केलेला, त्यामुळे मला तो न वाचताच वाचता येतो. आईला चौकट दाखवून मोठ्यानं वाचायला लावलं आणि घड्याळ लावलं. १९२४ ला मास्तरांचं वाक्य होतं: 'डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन बेळगाव येथे संपन्न झाले'. 'अध्यक्षतेखाली'पर्यंत पोचेपर्यंत आईचा चष्मा घसरला आणि चौकट गेली. मग ठेवलं ते असं: वर मोठ्या अक्षरांत '१९२४', खाली 'काँग्रेस अधिवेशन', त्याखाली 'अध्यक्ष महात्मा गांधी'. बेळगावात ते आईला सांगायची गरज नाही, ती बेळगावातच बसली आहे. पाच सेकंद दिले आणि आई दोनदा वाचून मोकळी झाली. शिवाय पट्टी पूर्ण थांबल्याशिवाय मजकूर आणायचा नाही, हेही तिनंच ठरवलं. "एक तर गाडी बघू, नाहीतर पाटी वाचू," म्हणाली.

१९५६ च्या चौकटीत 'अन्यायाने' हा शब्द घालावा, असा मास्तरांचा आग्रह. "एकच शब्द की रे." मी म्हणालो, त्या एका शब्दावर पडद्यासमोर अर्धा तास उभं राहतील लोक, आणि चौकट पाच सेकंदांची आहे. शेवटी 'राज्य पुनर्रचना, बेळगाव म्हैसूर राज्यात' एवढंच ठेवलं. तेवढ्यावरही अर्धा तास झालाच, पण तो चहाच्या टपरीवर.

टिळकांची पगडी फ्रेमबाहेर जात होती. चेहरा लहान केला, प्रश्न मिटला. गांधीजींचा फोटो चौकटीकडे पाठ करून होता. दुसरा शोधला, कारण आरशातल्यासारखा उलटा करायला मन धजलं नाही.

पाचव्या दिवशी रात्री पडदा लागला. लोक थांबले, वाचू लागले. एक आजी प्रत्येक चौकट मोठ्यानं वाचत होत्या, आणि त्यांचं वाक्य संपलं की पट्टी सरकायची. मला अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात खजिनदार पेन ड्राइव्ह घेऊन आले. वर्गणीदारांची यादी शेवटी जोडायची राहिली होती. त्रेसष्ट नावं, सगळी एकाच फ्रेममध्ये, चार रांगांत, मुंगीएवढ्या अक्षरात, मागे फिरता गणपती, वरून पडणारी फुलं. मी हात जोडले, सगळे नियम सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि यादी लावली. सहा सेकंद.

पहिल्याच सेकंदाला मागून, शेवटच्या रांगेतून आवाज आला, "अरे, माझ्या नावात 'ळ' पाहिजे, 'ल' टाकलाय की!"