बहिणीला व्हिसाच्या मुलाखतीसाठी तयार कसं करावं

तुमची बहीण अमेरिकेला निघाली आहे का? मुलीच्या बाळंतपणाला? मग तिला एकटीला मुळीच सोडू नका. बीकेसीच्या वकिलातीत खिडकीपलीकडचा साहेब जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलतो, आणि तेवढ्यात ती खरं बोलून बसली म्हणजे? तेव्हा तारखेच्या चार दिवस आधी तिला तासगावहून ठाण्याला बोलावून घ्या. माझ्या दादाने जानेवारीत माझी तयारी करून घेतली, त्याच अनुभवावर हे सांगते आहे.

डीएस-१६० फॉर्म तुम्हीच भरा. बहिणीला काही विचारायचं नाही, तिचा फक्त पासपोर्ट घ्यायचा. व्यवसाय या रकान्यात ‘गृहिणी’ लिहा. तिच्या नावावर अडीच एकर द्राक्षबाग आहे, सातबारा तिचा आहे, औषधाच्या टाकीपासून व्यापाऱ्याशी दरावरून भांडण्यापर्यंत सगळं तीच करते, हे लिहिलं तर ‘गावंढळ वाटतं’. किती दिवस राहणार? सहा महिने लिहा, ‘देतातच ना’. शेवटी ‘हा फॉर्म भरायला कुणी मदत केली का’ असा प्रश्न येतो, तिथे बिनधास्त ‘नाही’ ठोका. तो खोटेपणा तुमचा नाहीच, सही तिची आहे.

फोटोत चष्मा नको. (एवढं एक बरोबर सांगितलं त्याने.)

आता मुख्य सराव. यासाठी घरात गजाची खिडकी हवी. दादा गॅलरीत स्टूल टाकून बसला, मी हॉलमध्ये फाइल छातीशी धरून उभी. मधे गज. वहिनीने मागून विचारलं, ‘चहा ठेवू का?’ तर म्हणे, ‘कॉन्सुलेटमध्ये चहा नसतो.’ २००९ साली कंपनीने पंधरा दिवस पाठवलं होतं त्याला, तेव्हापासून अमेरिकेचा सगळा कारभार त्याच्याच हाती आहे.

‘व्हाय आर यू गोइंग टू यूएस?’ गजाआडून आवाज आला.

‘अरे, शमाचं बाळंतपण आहे ना जूनमध्ये—’

‘चूक! बाळंतपण म्हटलंस की संपलं. साहेबाला वाटतं, फुकटची दाई न्यायला निघालेत. म्हण, टुरिझम.’

आणि मग त्याने कागद दिला. त्यावर लिहिलेलं वाक्य मी आजही झोपेत म्हणू शकते: ‘द पर्पज ऑफ माय व्हिजिट इज टुरिझम अँड टू एक्स्प्लोर द रिच कल्चर ऑफ अमेरिका.’ मी, जिने आयुष्यात महाबळेश्वरसुद्धा नीट एक्स्प्लोर केलेलं नाही! चार दिवस सकाळ-संध्याकाळ हेच. ‘रिच’वर जोर दे. हसू नकोस. हसलीस तर वाटतं लपवतेय. एवढी गंभीर नको, गंभीर दिसलीस तरी वाटतं लपवतेय. ‘परत का येणार?’ याचं उत्तर होतं, ‘आय हॅव स्ट्राँग टाइज टू इंडिया.’ कुठले टाइज, असं विचारलं तर? ‘ते नाही विचारत,’ दादा म्हणाला, आणि फाइलमध्ये स्वतःच्या फ्लॅटचे कागद आणि स्वतःच्या एफडीच्या पावत्या घातल्या. भावाच्या फ्लॅटसाठी बहीण न्यू जर्सीहून परत येते, हे त्या साहेबाला पटायला काय हरकत आहे!

दिवस उजाडला. आदल्या दिवशी बोटांचे ठसे झालेले होते. फोन बाहेर, रांग, पुन्हा रांग, ते सांगत बसत नाही. खिडकीशी एक तरुण मुलगी होती. चार बोटं ठेवायला सांगितली आणि विचारलं, कशासाठी जाताय. मी रिचवर जोर देऊन वाक्य म्हटलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं. सहा महिने? कुठे-कुठे फिरणार?

‘नायगारा.’

आणि?

‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी.’

आणि?

पुढचं दादाने शिकवलंच नव्हतं. राहणार कुठे, तर मुलीकडे. मुलगी काय करते? नोकरी. ‘आणि तिला बाळ होणार आहे का?’ मी होय म्हटलं. मी काय करते? स्क्रीनवर गृहिणी होतं, तेच म्हटलं. फाइल तिने हातात घेतली नाही. तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. पासपोर्ट परत आणि सोबत नकाराचा छापील कागद: कलम २१४(बी).

हा कागद दादाने नंतर तीन वेळा वाचला आणि ‘त्यांचा मूडच नव्हता’ असा निष्कर्ष काढला. त्यात मूडचं काहीच नाही. अमेरिकेचा कायदा मुळातच धरून चालतो की व्हिजिटर व्हिसासाठी खिडकीसमोर उभा राहणारा प्रत्येक जण तिथे राहायलाच निघालाय. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी आपली. आणि दाखवायचं असतं आपलं आयुष्य, भावाचं नव्हे! माझ्याकडे दाखवायला आयुष्य होतं. ते खोडून त्याने ‘स्ट्राँग टाइज’ लिहिलं. खोडून!

फी परत मिळत नाही. १८५ डॉलर. दुसऱ्या वेळी पुन्हा १८५ डॉलर. तारखेसाठी रात्री जागून स्क्रीनकडे डोळे लावून बसण्याचं काय सांगू, ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

दुसरा फॉर्म मी आणि माझ्या भाचीने बसून भरला. मदत केली का? होय. तिचं नाव. व्यवसाय: शेती. मुक्काम: तीन महिने. मार्चमध्ये तारीख मिळाली. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, हे दादाला ठाऊक होतं, पण ‘इंप्रेशन पडत नाही’ म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. खिडकीशी गेल्यावर मी मराठीच म्हटलं. कशाला जाताय? मुलीचं बाळंतपण जूनमध्ये, तिच्यासोबत राहायला. किती दिवस? एप्रिलची खरड छाटणी झाली की मेच्या मध्याला जाते, ऑगस्टच्या मध्याला परत. परत का? कारण ऑक्टोबरची छाटणी मजुरांवर सोडून चालत नाही, ती चुकली की त्या वर्षीचं पीक गेलं, आणि त्याआधी बागेची तयारी असते. ‘किती एकर?’ अडीच. यापुढे दोनच प्रश्न झाले आणि पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मिळाला.

आता दादा सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरतोय, ‘माझ्या सरावामुळे पक्की झाली ताई.’

पुरे झालं. दादा, हे तुझ्यासाठीच लिहिलंय. पाठ केलेलं वाक्य तोंडून आलं की ऐकणाऱ्याला ते पाठ केलेलंच वाटतं, त्याला इंग्रजीच्या बिनचूक उच्चाराचा उपयोग नाही. नकार आला तर पुन्हा फॉर्म भरता येतो, पण फॉर्मवरचं खोटं जाणूनबुजून लिहिलंय असं ठरलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं, आणि ते माझ्यासाठी झालं असतं, तुझ्यासाठी नाही. तू खिडकीच्या गजाआड बसून माझ्यावर साहेबगिरी केलीस, पण मला एकदाही विचारलं नाहीस की ताई, तू खरंच काय सांगणार आहेस? विचारलं असतंस तर द्राक्षबाग पहिल्याच फेरीत निघाली असती. बहीण म्हणजे तुझ्या पाठांतराची पाटी आहे का रे?

आणि वहिनीच्या बहिणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, हे मला कळलंय. स्टूल अजून गॅलरीतच आहे, वहिनीने सांगितलं. मी त्या बहिणीला काल फोन केला, फॉर्म उघडून रकाने एकेक करून वाचायला लावले. ‘तुमचा व्यवसाय’पाशी ती थांबली. म्हणाली, ‘ताई, इथे दादांनी गृहिणी लिहिलंय, आणि माझं तर ब्लाउज शिवायचं दुकान आहे.’