दोन नावांचे दोन प्रकार

"एखाद्या पर्वताचं मूळ आणि इंग्रजी अशी दोन्ही नावं ठेवली की वाद मिटतो ना?"

ती कशी ठेवली यावर ते ठरतं. न्यूझीलंडमध्ये एका पर्वतासाठी 1986 साली 'माउंट तारानाकी' किंवा 'माउंट एग्मंट' असा पर्याय दिला. त्यामुळे कोणीही एकच नाव छापू शकत होतं, आणि वाद चालूच राहिला. 2025 च्या कायद्याने शेवटी 'तारानाकी माउंगा' हे एकच अधिकृत नाव झालं.

तिथल्याच दुसऱ्या पर्वताला 'माउंट कुक' हे नाव 1851 मध्ये सागरी सर्वेक्षण करणाऱ्या कॅप्टन स्टोक्सने दिलं होतं. न्गाई ताहू या माओरी जमातीसाठी हा पर्वत म्हणजे आओराकी, त्यांचे पूर्वज. 1998 च्या समझोता कायद्याने 'आओराकी / माउंट कुक' असं जोडनाव ठरवलं. अधिकृत नकाशावर दोन्ही एकत्र, मूळ नाव आधी. माझ्या मते हा क्रमच सर्वांत महत्त्वाचा. शिवाय पावित्र्य जपण्यासाठी गिर्यारोहकांना अगदी माथ्यावर उभं न राहण्याची विनंती केली जाते.