पहिली ओळ नमस्कारात घालवू नका रे

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या भाच्याची छोटी फाउंड्री आहे, पंपाची केसिंगं ओततात. गेल्या पावसाळ्यात त्यानं लिंक्डइनवर एक पोस्ट टाकली आणि चार दिवसांनी मला म्हणाला, मामा एवढं लिहिलं पण कुणी वाचतच नाही हो. मी मोबाईलवर उघडून बघितलं. दिसत होतं ते एवढंच: "नमस्कार मित्रहो, आपणा सर्वांना कळवताना अत्यंत आनंद होतो की आमच्या टीमनं गुणवत्तेच्या दिशेनं आणखी एक..." आणि पुढं सी मोअर. पोस्ट इंग्रजीत होती, मी मराठीत सांगतोय.

खाली कॉमेंट अकरा, सगळ्या अभिनंदन आणि हात जोडलेले. माझ्या मते हीच खूण बघायची, कॉमेंटमध्ये आतल्या मजकुरातला एकही शब्द नसेल तर लोकांनी पोस्ट उघडलेलीच नाही.

आणि आत काय होतं? सोनं होतं की ओ! पावसात उघड्यावरच्या साच्याच्या वाळूत ओल वाढली, शंभर केसिंगमधली नऊ आत ब्लोहोल म्हणजे वाफेच्या पोकळ्या पडून भंगारात जाऊ लागली, मग यांनी वाळू शेडमध्ये घेतली, दर शिफ्टला ओल मोजली, साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरली आणि भंगार दोनवर आलं. हे सगळं तिसऱ्या परिच्छेदात पुरलेलं.

लिंक्डइन पोस्ट 3000 अक्षरांपर्यंत घेतं पण न उघडता दिसतात त्या साधारण तीनच ओळी, कॉम्प्युटरवर दोनेकशे अक्षरं आणि मोबाईलवर त्याहून कमी, आणि मधे रिकामी ओळ सोडली तर तीपण त्यातच मोजली जाते. म्हणजे नमस्कार, एक रिकामी ओळ आणि आनंद होतो की, झालं, जागा संपली.

आम्ही बसून सुरुवात बदलली. आधी त्यानं लिहिलं, "पावसाळ्यात वाळू शेडमध्ये ठेवली म्हणून आमचं भंगार कमी झालं." मी म्हटलं अरे, उत्तर इथंच दिलंस, मग आत कशाला कोण येईल? मग असं केलं: "जुलैत आमची शंभरातली नऊ केसिंगं भंगारात जात होती. भट्टी तीच, माणसं तीच, धातूही तोच." बास. ज्यानं ओतकाम केलंय त्याला पुढं वाचल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्याचा संबंध नाही तो पुढं जातो, जाऊ दे की त्याला.

पण उगाच "विश्वास बसणार नाही" छाप ओळ मला अजिबात पटत नाही. एकदा उघडून आत काहीच मिळालं नाही की तोच माणूस पुढच्या वेळी तुमचं नाव बघूनच वर सरकवतो, आणि आपल्या धंद्यात गिऱ्हाईक मोजकंच असतंय.

नवी पोस्ट टाकल्यावर लाईक जवळजवळ तेवढेच आले. पण कोल्हापूरच्या एका पंपवाल्यानं खाली विचारलं, ओल मिक्सरपाशी मोजता का मोल्डिंगपाशी? भाच्यानं तो स्क्रीनशॉट मला रात्री साडेअकराला पाठवला.