उलटा फॉल

भाच्याचं लग्न पाच दिवसांवर आणि फॉल-पिकोवाल्या बाई म्हणाल्या, "सीझन आहे, आठ दिवस लागतील." पिको तेवढा शेजारच्या वहिनींनी मशीनवर मारून दिला. फॉल काय, मीच लावते म्हटलं. हे वाक्य मी आता परत उच्चारणार नाही.

आधी मॅचिंग. साडी जांभळी, काठ मरून. कापड पेठेतल्या दुकानात ट्यूबलाइटखाली फॉल अगदी काठात विरघळला. दारात उन्हात आणला तर चक्क विटकरी! दुकानदार कपाळाला हात लावेपर्यंत मी सात फॉल दाराबाहेर नेऊन आणले. आठवा जमला.

फॉल सुती असतो, पहिल्या पाण्याला आटतो. मागे एकदा तसाच लावला होता. साडी धुतल्यावर काठ असा चुण्या पडून गोळा झाला की पापड बरा. म्हणून या वेळी रात्रभर भिजवला, वाळवला, इस्त्री केली. सासूबाई कौतुकाने बघत होत्या. तिथेच मला सावध व्हायला हवं होतं.

मग साडी उलटी पसरली. खोचायच्या टोकाकडून वीतभर सोडून काठाच्या कडेला फॉलची कड जुळवली, टाचण्या मारल्या, खालून धावदोरा घातला. वरची कड हातशिलाईची, सुईने साडीचा एकच धागा उचलायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. आणि दोरा ओढायचा नाही, ओढला की काठ आक्रसतो. पावणेतीन मीटर! दोन संध्याकाळी गेल्या. मानेचं म्हणाल तर ती अजून डावीकडेच वळते.

नेसून बघितली. फॉल कमरेत.

झालं असं, की साडीचे दोन्ही काठ सारखे. सुलट बाजू वर असेल तर खोचायचं टोक डाव्या हाताला आणि खालचा काठ आपल्याकडे. साडी उलटी केली की तेच टोक उजव्या हाताला यायला हवं. मी ते डावीकडेच ठेवून जवळचा काठ धरला होता. आधी एकदा नुसती गुंडाळून खालच्या काठाला टाचणी लावली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

सासूबाईंनी शांतपणे पाहिलं. "अगं, सगळं उलटं नेस की. डावीकडे खोच, पदर उजव्या खांद्यावर. फॉल बरोबर खाली येईल."

खोचून पाहिलं. आला!

"आणि मांडवात कुणी विचारलं तर?"

"सांग, फोटो आरशात काढलाय म्हणून."

रात्री साडेदहाला उसवायला घेतला. दुसऱ्या टोकाकडून सासूबाई चष्मा लावून बसल्या होत्या, आणि टाके किती बारीक घातलेत म्हणून मलाच बोलत होत्या.