मेलेल्यांचा भाव

शिधापत्रिकेवरून आजीचं नाव कमी करायला अर्ज लागतो, अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही लागते, आणि आमच्या कार्डावर कुटुंबप्रमुख आजीच. हे खिडकीतल्या साहेबांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "सोमवारी या." सोमवारपर्यंत आजीच्या तब्येतीत काय फरक पडणार होता, देव जाणे. एवढं बोलून ते जेवायला गेले. सांगलीत जेवण म्हणजे निवांत काम. मी बाकावर बसून गोगोलची 'डेड सोल्स' काढली.

1842 सालची ही रशियन कादंबरी. जमीनदाराकडे जितके पुरुष भूदास, तितका डोईपट्टी कर. शिरगणती मात्र वर्षानुवर्षं व्हायची नाही, त्यामुळे मधे मेलेल्यांचाही कर भरत बसायचं. चिचिकोव्ह नावाचा गोडबोल्या गृहस्थ हे मेलेले विकत घेत फिरतो. कागदावर जिवंत आहेत ना, मग गहाण टाकून कर्ज काढायचं.

"काय हो, एवढं हसताय कशाला?" शेजारच्या तासगावच्या मामांनी विचारलं. त्यांना सांगायला लागलो, तर ते मार्केट यार्डात हळदीचा सौदा ऐकावा तसे सरसावून बसले.

कोरोबोच्का ही विधवा जमीनदारीण. तिचे अठरा मेलेले. माणसं कसली विकायची, असं ती म्हणत नाही. तिला भीती एकच, स्वस्तात गेले तर? कदाचित शेतीच्या कामाला उपयोगी पडतील, असंही तिला वाटून जातं! शेवटी सगळे मिळून पंधरा रुबलला देते, आणि मग झोप उडते म्हणून चालू भाव विचारायला थेट शहर गाठते.

सोबाकेविच त्याहून पक्का. माणशी शंभर रुबल सांगतो. हा सुतार कसला, तो मोची कसला, अशी एकेकाची तारीफ करतो. अहो, पण ते मेलेत, असं चिचिकोव्हने म्हटलं, तर सोबाकेविचच्या मते हल्लीची जिवंत माणसं म्हणजे नुसत्या माश्या. अडीच रुबलवर तुटतं. तरी पठ्ठ्या यादीत एलिझावेता नावाची बाई, नावाचं शेपूट कापून, पुरुष म्हणून घुसडतोच.

गोगोलने फुगवलंय ते एवढंच, की माल मेलेला आहे. बाकी घासाघीस, विसार, शपथा, पाहुणचार सगळं रोजचं. म्हणून हसताहसता ध्यानात येतं, की या सभ्य मंडळींनी जिवंत माणसंही अशीच विकली असणार. त्या सौद्याला मात्र कुणी हसलं नसतं. तो कायदेशीर होता.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कर्ज देणारा बघायला येत नाही व्हय, माणूस हाय का न्हाई?"

"नाही. कागद बघतो."

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले. "आमचं वडील वारल्यावर दोन येळा सोसायटीला मत देऊन आल्यात. आम्हाला मात्र भेटलं न्हाईत."