पाटी आधी, कागद मागून

फर्मचं नाव बदलायचं ठरलं की सर्वात आधी पाटी रंगवायला टाका. भागीदारांच्या सह्या, निबंधक, पॅन असल्या किरकोळ गोष्टी मागाहून होतच राहतात. पाटीचा मुहूर्त मात्र हुकता कामा नये.

धरून चला, तुमची 'मंगल ट्रेडर्स'. अंकशास्त्रवाल्यानं सांगितलं, 'म' तुम्हाला लाभत नाही, 'स' घ्या. झालं, 'सुमंगल ट्रेडर्स'. १ एप्रिलला पाटी, शिक्के, बिलबुकं, सगळं नवंकोरं.

आता कोणी शहाणा म्हणेल की आधी पुरवणी करारनामा करा, त्यात नवं नाव आणि ते कोणत्या तारखेपासून लागू, हे लिहून सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या. त्याला पेढा द्या आणि वाटेला लावा. भागीदार घरचेच आहेत, सह्या कुठे पळून जातात? मग १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६० प्रमाणे निबंधकांच्या नोंदवहीत बदल करून घेण्याचा प्रश्नही आपोआप लांबणीवर पडतो. त्याची आठवण थेट एखाद्या बाकीदारावर दावा लावताना येईल. समोरचा वकील गोड आवाजात विचारेल, "ही 'सुमंगल' नोंदवहीत कुठे दिसते?" नोंद नसलेल्या फर्मला कराराच्या जोरावर बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, हे कलम ६९ त्याला तोंडपाठ असतं. तुमची नोंद 'मंगल'ची आहे, बिल 'सुमंगल'चं. दोन्ही एकच, हे सिद्ध करायला लागणारा कागद म्हणजे तोच तो पुरवणी करारनामा.

जीएसटीचं मात्र लगेच करा, म्हणजे पॅनच्या आधी करा. बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत REG-14 हा दुरुस्तीचा अर्ज भरायचा असतो, तेव्हा घाई हवीच. गंमत अशी, की पोर्टल तुमचं कायदेशीर नाव तुमच्या पाटीवरून घेत नाही, पॅनच्या नोंदीतून घेतं. तिथे अजून 'मंगल' आहे. म्हणजे आधी पॅनमध्ये दुरुस्तीचा अर्ज आणि मग जीएसटी. पण सरळ क्रमानं गेलात तर कर सल्लागाराकडे तिसऱ्यांदा जाऊन चहा प्यायचा योग कसा येणार? तोवर बिलावर 'सुमंगल' छापत राहा. ग्राहकाचा हिशेबनीस जीएसटी क्रमांक टाकून बघतो, तिथे 'मंगल' दिसतं आणि तो बिल बाजूला ठेवतो. निवांत माणूस असतो तो.

बँकेला तर शेवटीच सांगा. ग्राहकांना मात्र "यापुढील चेक 'सुमंगल ट्रेडर्स' नावाने काढावेत" असं सुंदर पत्र १ एप्रिललाच धाडा. एकानं साडेतीन लाखांचा चेक नव्या नावानं दिला. खातं जुन्या नावावर. बँकेनं तो घेतला नाही. करारनामा, निबंधकांची नोंद, नव्या नावाचं पॅन, सगळ्या भागीदारांच्या सहीचं पत्र आणा म्हणाली. या चारांतलं तुमच्याकडे एकही नाही. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यामुळे तुम्ही कागद गोळा करेपर्यंत तो कालबाह्य होतो आणि ग्राहकाकडे दुसरा मागावा लागतो. दोन वेळा वसुली करण्याचा मान सगळ्यांच्या नशिबी नसतो. कर्ज असेल तर आणखी मजा. तारण आणि हमीचे सगळे कागद जुन्या नावाचे, आणि बँक मॅनेजरला ही बातमी मिळते ती रस्त्यावरून जाताना पाटी वाचून.

पत्रात खाते क्रमांक, आयएफएससी आणि जीएसटी क्रमांक तेच राहणार आहेत, असं चुकूनही लिहू नका. चेकच्या ओळीसोबत नुसतं "नाव बदलले आहे, बाकी तपशील लवकरच कळवू" एवढंच ठेवा, शक्यतो एकाच भागीदाराच्या सहीनं. हल्ली "आमचं खातं बदललं" म्हणून ईमेल पाठवणारे भामटे असेच लिहितात. शिवाय एनईएफटी करताना आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दिसतं. पत्रात 'सुमंगल', पडद्यावर 'मंगल'. सावध ग्राहक पेमेंट थांबवतो आणि तुम्हाला फोन करतो, तोही पाटीवरच्या जुन्या नंबरवर. पाटी तर तुम्ही उतरवलीत.

एवढं सगळं वर्षभरात निस्तरलं की नवं पॅनकार्ड हातात येईल. नाव नवं, क्रमांक जुनाच, कारण नाव बदललं म्हणून पॅन बदलत नाही. त्याचं चौथं अक्षर फर्मचं 'एफ' आणि पाचवं फर्मच्या मूळ नावाचं पहिलं अक्षर. म्हणजे 'एम'. आणि जीएसटी क्रमांकाच्या पोटात अख्खं पॅन असतं, त्यामुळे तो न लाभणारा 'एम' तुमच्या प्रत्येक बिलावर सातव्या जागी छापलेला राहील. अंकशास्त्रवाल्याला फोन करून बघा. फी परत देतो का ते.